बूहा, बोझा आणि तुझ्या चार ओळी

प्रिय हरजीत,

तुझ्यावर खूप रागावलेय, म्हणून लिहितेय. गेलेल्या माणसाबद्दल सगळ्यांसमोर चांगलंच बोलावं लागतं, आणि मीही बोलते. उल्हासनगरच्या कॅम्पातले लोक भेटले की म्हणतात, काय दिलदार माणूस होता, शिलाई मशीन दुरुस्त करता करता गाणी जुळवायचा! मी मान हलवते. पण कुणाला कसं सांगू, की तुझ्याच एका गाण्यामुळे आपली मेहेर सासरी मार खात तिथेच बसून राहिली?

दचकलास ना? मीही अशीच दचकले होते.

तुला तिच्या पाठवणीचा दिवस आठवतो? बदलापूरच्या त्या हॉलच्या दारात गाडी उभी होती, निखिलकडचे वऱ्हाडी घाई करत होते आणि तू मधेच हात वर करून म्हणालास, "एक मिनट, एक मिनट, मेरा गाना बाकी है." स्वतः जुळवलेलं, स्वतःच्या चालीतलं, आणि तेही पंजाबीत! मेहेर रडत होती, तू रडत होतास, आणि तरी चाल एका ठिकाणीही हलली नाही.

दस्स नी धीए, वेहड़ा केहड़ा
ओही तेरा, चाहें जेहड़ा
धीए, बूहा मैं ना ढोवां
रातीं जागां, दिन नूं सोवां

मला कळलं. कारण बीजींनी, तुझ्या आईने, मला बरॅकीतल्या त्या स्वयंपाकघरात पंजाबी शिकवली होती. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या ओरडल्या होत्या, "सुजाता, बूहा ढो दे, बिल्ली आ जाऊगी!" मी गोंधळून इकडेतिकडे बघत राहिले, तेव्हा तू हसत येऊन दार लावलंस. बूहा म्हणजे दार. ढोणं म्हणजे लावणं. म्हणजे तू लेकीला विचारत होतास, सांग पोरी, तुझं अंगण कुठलं? ज्याला तू म्हणशील तेच तुझं. मी दार लावणार नाही. रात्री जागा राहीन, झोप दिवसा काढीन.

किती सुंदर लिहिलं होतंस रे! पण जिच्यासाठी लिहिलंस तिला पंजाबी येत नव्हती, हे कसं विसरलास? बीजी गेल्या तेव्हा मेहेर बालवाडीत होती. त्यानंतर घरात पंजाबी बोलायचं तू सोडलंसच. तिच्याशी तू हिंदीत, मी मराठीत. मी किती वेळा म्हटलं, तिला शिकव. "सीख जाएगी, मास्तरणी, खून में है," म्हणायचास. रक्तात भाषा असते का कुठे?

तू गेलास त्यानंतरचं सांगते.

दुकानातच गेलास, उघडलेल्या मशीनवर डोकं ठेवून. लग्नाला तेव्हा चारेक महिने झाले असतील. मेहेर दिवसकार्याला आली, दोन दिवस राहिली आणि निखिल घ्यायला आला तशी गेली. उल्हासनगर आणि बदलापूर म्हणजे काय लांब? पण येईना. फोन केला की "ठीक आहे आई," एवढंच. मला वाटलं, बापाचं दुःख आहे, घरात यायला नको वाटत असेल.

मग एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाचं कापड घ्यायला मी कॅम्प तीनच्या बाजारात गेले, तर समोर मेहेर. एवढ्या उन्हात पूर्ण बाह्यांचा कुडता. मी दंडाला धरलं तशी ती कळवळली. मी बाही वर केली, हरजीत. बोटं उठली होती. पाचही.

"निखिल?"

तिने आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना.

"चल घरी. आत्ता. अशीच."

"कुठल्या घरी, आई?"

"कुठल्या म्हणजे? आपल्या!"

तेव्हा ती जे म्हणाली ते आजही माझ्या कानात आहे. म्हणाली, "पप्पांनी सगळ्यांसमोर गाऊन सांगितलं ना. वही तेरा, चाहे जैसा. बोझा मैं ना ढोवां. आता ते नाहीत म्हणून मी त्यांचा शब्द मोडू?"

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. बूहा तिला 'बोझा' ऐकू आला होता! ढोवां तर हिंदीत आहेच, ओझं वाहणं. बीजींच्या तोंडचा ढ मला अर्धा ट वाटायचा, पण तू कॅम्पात सिंध्यांमध्ये वाढलेला, तुझा ढ आमच्यासारखाच स्वच्छ. तो जरा कमी स्वच्छ असता तरी चाललं असतं! 'चाहें जेहड़ा', म्हणजे तू निवडशील ते, तिच्या कानात 'चाहे जैसा' झालं होतं. घर कसंही असो, तेच तुझं.

आणि चौथी ओळ? "दिन नूं सोवां," ती म्हणाली. "आजवर काळजीने रात्री जागलो, मुलगी गेली, आता दिवसासुद्धा निवांत झोपेन. आणि खरंच झोपायचे, आई. लग्नानंतर मी दुपारी दुकानात फोन करायचे, तर शेजारचे म्हणायचे, पप्पा सो रहे हैं."

सगळं जुळत होतं! एकामागून एक ओळ, नेमक्या उलट्या अर्थाने जुळत होती.

मी तिथेच तिला समजावलं. बूहा म्हणजे दार, गं. ढोणं म्हणजे लावणं. ती माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी मी ताप नाही म्हणून सांगत थर्मामीटर लपवायचे तेव्हा बघायची तशी. "आई, तू आयुष्यभर हेच केलंस. पप्पा एक बोलायचे, तू मला दुसरंच सांगायचीस. आता ते गाण्यात बोलले, तरी तू त्यांच्या तोंडी तुझेच शब्द घालतेस."

"मग कुणालाही विचार ना! गुरुद्वाऱ्यात विचार!"

"आणि काय सांगू, का विचारतेय ते?" बाही खाली ओढून ती शेअर रिक्षात बसली आणि गेली.

त्या दिवशी मी घरी कशी पोचले ते मला आठवत नाही. एवढंच कळत होतं, की समजावून उपयोग नाही. माझं बोलणं तिला माझंच वाटणार. तिला तुझा आवाज हवा, तुझी चाल हवी. ती चाल तिच्या अंगात भिनलेली आहे, कारण पाठवणीच्या आधी महिनाभर तू घरात शब्दांशिवाय तीच गुणगुणत फिरत होतास. मग तुझेच शब्द मला हिंदीत आणायला हवे होते, त्याच ठोक्यांवर, त्याच यमकांत. कुठे एक अक्षर ताणलं किंवा कोंबलं, की ती म्हणणार, इथे आईने घातलं.

मी हिंदीची शिक्षिका. वाटलं, चार ओळी तर आहेत! संध्याकाळपर्यंत होतील. कसल्या होतात?

पहिल्याच शब्दाला अडले. दस्स, म्हणजे सांग. हिंदीत 'बता'. पण गाऊन बघितलं तर पायाखालची फळी सरकावी तसं झालं. दस्स लिहायला दोन, पण उच्चार एकाच झटक्याचा, म्हणून गाण्यात एकच अक्षर, आखूड पण जड, ठोक्यावर बरोबर आपटतं. बता मध्ये 'ब' हलका, 'ता' जड. ठोका पडतो हलक्या 'ब' वर आणि वजन येतं ठोका होऊन गेल्यावर. आणि तिसरी ओळ तर विचारूच नकोस. "दरवाज़ा बंद नहीं करूँगा" मोजलं तर नऊ अक्षरं, तुझ्या ओळीत मावेचनात, वर 'बेटी'ला तर जागाच नाही.

शेवटी अंबरनाथला माहेरी अण्णांकडे गेले. तुला माहीतच आहे, आमचे अण्णा चाळीसेक वर्षं गायन पार्टीत, जयंतीला दुसऱ्यांच्या चालींवर बाबासाहेबांची गाणी बांधणारे. आता कमी ऐकू येतं, पण हात अजून ढोलकीवरच असतो. मी त्यांना पोरीचं सगळं सांगितलं. त्यांनी उशी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाले, "शब्द बाजूला ठेव, बाय. नुसतं ना ना ना म्हण."

मी तुझी चाल ना ना करत म्हटली. ते उशीवर बोटं आपटत होते.

"आठ," ते म्हणाले. "ओळीत आठ अक्षरं, आठच्या आठ जड. एक पण हलकं नाय. म्हणून त्याचं गाणं असं पाय रोवून चालतं. परत म्हण."

परत म्हटलं.

"शेवटचं अक्षर बघ, लांबवतो तो. 'केहड़ाऽऽ'. तोंड उघडं पाहिजे तिथं. शेवटाला न नायतर म आला, की ओठ मिटले, सूर मेला."

मी घरी येऊन नव्याने बसले. दस्स नी धीए, वेह-ड़ा केह-ड़ा. आठ. हिंदीत: बोल री बेटी, कौन-सा आँ-गन. आठ! दस्सच्या जागी बोल, तेही एकच जड अक्षर. 'नी'ला 'री', किती सख्ख्या बहिणी! धीएला बेटी. वेहड़ा म्हणजे अंगण, हिंदीत आँगन. मोजणीत बसलं, पण शेवटाला 'न' आला. अण्णा म्हणाले होते तेच. गाताना सूर नाकात जाऊन मिटायचा. तरी पुढची ओळ जुळवली: वो ही, जिसमें लागे ये मन. आठ. आँगन, मन. यमक आहे, पण तुझं 'केहड़ा-जेहड़ा' कसं आभाळाकडे तोंड करून उघडतं! माझं दोन्हीकडे बंद. त्याच्यावर मी आठवडा घालवला आणि हरले.

दुसऱ्या ओळीत मी एक गोष्ट मुद्दाम केली. 'चाहे' हा शब्द येऊ दिला नाही. अर्थाला तोच जवळचा होता, पण तिच्या कानात त्याने एकदा घात केला होता. हिंदीत चाहे म्हणजे 'हवं असेल' आणि चाहे म्हणजे 'भले कसंही'. परत तोच खड्डा कशाला?

बूहा ढोणं. दार नुसतं लोटणं याला हिंदीत नेमका शब्द आहे, भेड़ना. 'बेटी, दर को मैं ना भेड़ूँ.' मोजून आठ, आठही जड. मी खूश! दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात ओळ फळ्यावर लिहिली आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, भेड़ म्हणजे मेंढी?" सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि डस्टर घेऊन ओळ पुसून टाकली. अजून एक चुकीचा शब्द परवडणार नव्हता रे मला!

कुंडी, म्हणजे आपली कडी, घालून बघितलं: बेटी, कुंडी ना मैं डालूँ. बसलं. पण मग चौथ्या ओळीला 'आलूँ' पाहिजे. पालूँ, टालूँ, सँभालूँ... आणि तुझी झोप कुठे गेली? तुझं जागणं आणि दिवसा झोपणं हे तर टाकताच येणार नव्हतं, त्याच ओळीने तर तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. 'दिन में सो लूँ' ठेवावं तर वर 'खोलूँ' लागतं, आणि 'ना खोलूँ' झालं की अर्थच फिरतो. दार उघडणार नाही! एका अक्षरात बापाचा वैरी होतो.

या सगळ्यात माझा धीर सुटला. मधल्या काळात तिचे फोन बंद झाले होते. निखिलची आई म्हणायची, "बहू सो रही है, समधनजी." भरदुपारी? मला वाटायचं, मी इथे अक्षरं मोजत बसलेय आणि तिथे काय चाललंय! वेडी झालेय का मी? त्या हताशपणात हातून एक ओळ लिहिली गेली: बेटी, अब तू घर को आ जा.

मोजली. आठ. आठही जड. शेवटचं अक्षर उघडं. एवढी सहज एकही ओळ बसली नव्हती! तिसऱ्या ओळीच्या जागी ती टाकून, चौथीला 'सोया ना मैं, अब तो आ जा' करून, गाऊन, मेहेरला फोनवर पाठवून दिली.

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. "पप्पा कधी 'आ जा' म्हणाले नाहीत, आई. त्यांनी काहीतरी विचारलं होतं. विचारल्यासारखा सूर वर गेला होता. हे तुझं आहे."

बरोबर होतं तिचं! शब्द कळत नव्हते, तरी सूर तिने अचूक धरला होता. तुझ्या गाण्यात बोलावणं नाहीच. प्रश्न आहे, आणि दार आहे. तू तिच्यावर सोडलं होतंस. तेव्हा मला तुझा इतका राग आला! बापाने सरळ म्हणावं ना, ये म्हणून! पण तू म्हटलं नव्हतंस, आणि जे म्हटलं नव्हतंस ते मी आणलं, की तू म्हटलेलंही खोटं ठरत होतं.

मी ती ओळ खोडली. परत बसले.

आणि मग एका दुपारी, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, 'ढोवां'चा नाद मनात घोळवता घोळवता 'छोड़ूँ' सापडलं. बेटी, द्वार खुला मैं छोड़ूँ. इथे सगळी अक्षरं जड नाहीत, 'खुला'चा 'खु' हलका आहे. पण द्वारचा 'र' पूर्ण उच्चारला, द्वा-र-खु-ला, की 'र' आणि 'खु' अशी दोन हलकी मिळून एका जड अक्षराची जागा भरतात. वेळ तेवढाच, ठोका तिथेच! बूहा ना ढोवां, दार लावणार नाही. द्वार खुला छोड़ूँ, दार उघडं ठेवीन. तुझं ते हट्टी 'ना' गेलं, याचं वाईट वाटलं. आणि 'ढोवां'ला तोंड सताड उघडतं, 'छोड़ूँ'ला ओठ पुढे येऊन लहान होतात. तेवढं मी वाचवू शकले नाही, माफ कर.

पण 'छोड़ूँ'ने चौथी ओळ दिली. रात की नींदें दिन से जोड़ूँ. रात की, नीं-दें, दिन से, जो-ड़ूँ. आठ. रात्रीची झोप दिवसाला नेऊन जोडतो. मी मोठ्याने ओरडलेच त्या वर्गात. शिपाईबाई धावत आल्या, "बाई, काय झालं?" काय सांगू त्यांना?

मग तिला गाठायचं कसं? तुझं दुकान रिकामं करायचं होतं. मी निखिलच्या आईला फोन केला, मेहेरच्या बापाच्या वस्तू आहेत, दोन तास पाठवा. त्यांनी पाठवलं. दुपारी ती आली. तोंड सुकलेलं, डाव्या बाजूने हाक मारली की वळायची नाही. मी काही विचारलं नाही. आम्ही बॉबिनचे डबे भरले, पट्टे गुंडाळले. मग मी भाच्याने पाठवणीत काढलेला व्हिडिओ फोनवर लावला, आवाज अगदी बारीक केला, आणि तुझ्या ओठांबरोबर हिंदीत गायले.

तू ओठ उघडायचास तिथे मी उघडायचे. तू श्वास घ्यायचास तिथे मी घ्यायचे. आपण एवढे एकत्र कधी गायलो नव्हतो, हरजीत.

ती डबा हातात धरून उभी होती. तिसऱ्या ओळीला म्हणाली, "थांब. परत."

परत लावलं.

"बूहा कुठला शब्द?"

"द्वार."

"ढोवां?"

"ते 'ना ढोवां'. लावणार नाही. खुला छोड़ूँ."

"आणि हे? झोपेचं?"

"तू सासरी गेल्यापासून पप्पा रात्रभर पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. कडी न घालता. मी म्हणायचे, चोर येतील. ते म्हणायचे, धी आऊगी ते? मुलगी आली तर? मग दिवसा दुकानात डोळा लागायचा."

ती हळूच खाली बसली, मशीनच्या पेटीवर. रडली नाही. माझ्याकडून तिने फोन घेतला आणि स्वतःच सुरुवातीपासून लावला, आणि माझे शब्द तुझ्या आवाजावर ठेवून बघायला लागली, जसं तू पट्टा चाकावर बसतो का बघायचास. पहिल्या ओळीच्या शेवटी अडली. "आँगन... आई, हा लांबवता येत नाही." परत म्हटली, आणि तुझा सूर संपेना म्हणून तिने तो शब्द आपसूक उघडला. "कौन-सा अँगना..."

अँगना! अँग-ना. दोनच अक्षरं, शेवट उघडा. माझी हिंदी शिकवण्यात हयात गेली आणि तो माझ्या डोक्यात आला नव्हता. पण आता माझं 'मन'चं यमक मोडलं.

"मग दुसरी ओळ बदलायला हवी," मी म्हटलं. "अर्थ असा आहे, की ज्याला तू म्हणशील..."

"सांगू नको," ती म्हणाली. डोळे मिटून पुटपुटत राहिली. बोटं पेटीवर वाजत होती. मग म्हणाली, "वो ही, जिसको माने अपना."

मी मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती.

बोल री बेटी, कौन-सा अँगना
वो ही, जिसको माने अपना
बेटी, द्वार खुला मैं छोड़ूँ
रात की नींदें दिन से जोड़ूँ

तुला वाटेल, मग ती माझ्याबरोबर घरी आली. नाही आली! घड्याळ बघून उठली आणि परत गेली. मी दुकानाचं शटर धरून उभी राहिले. वाटलं, सगळं फुकट गेलं, गाण्याने काय होतं? हात धरून ओढायला हवी होती का? त्या दिवसांत मी जेवले काय, शिकवलं काय, देवाशपथ आठवत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुम्ही जाऊन घेऊन या. अण्णा म्हणाले, पोलिसांना सांग. मी सांगितलं, तर चौकीतले म्हणाले, सज्ञान आहे, तिला स्वतः येऊ द्या.

आणि मग ती आली. शनिवार होता, माझी अर्धी शाळा. मी आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर पोचले तर रिक्षातून उतरत होती. हातात एक पिशवी, त्यात सर्टिफिकेटं आणि दोन कुडते. बस. डॉक्टरने बघितलं, डाव्या कानाचा पडदा फाटलाय. भरेल म्हणतात, वेळ लागेल. ज्या कानाने तुझं गाणं ऐकलं, तोच... जाऊ दे.

सुटलो असं समजू नकोस. निखिल रोज फोन करतो, कधी शिव्या, कधी रडणं. त्याची आई म्हणते, "लड़की को गाना सिखाके घर तुड़वाया." तुझा भाऊ म्हणतो, एकदा समजुतीने घ्या. आणि परवा मेहेरने पिशवी परत भरली होती. मी बघितलं. तोंडातून एक शब्द काढला नाही, हरजीत. माझ्यासारखीने! तासाभराने तिने कुडते बाहेर काढून दोरीवर टाकले. उद्याचं मला माहीत नाही. मी घाबरलेली आहे. रोज दुपारी शाळेतून येताना जिना चढेपर्यंत डोक्यात एकच असतं, की आत ती असेल ना?

आज ती म्हणाली, सोमवारी तक्रार द्यायला जायचं. स्वतःहून म्हणाली. तिथे कुणीतरी मराठीत विचारेल, कुणी हिंदीत, ती अडखळेल, मधेच गप्प बसेल, आणि माझ्या ओठांवर तयार वाक्य येईल. मी स्वतःला ओळखते, म्हणून तुझ्याजवळच शब्द देते: मी तिच्या उजव्या बाजूला बसेन, जिथून तिला ऐकू येतं, आणि कितीही वेळ लागला तरी तिच्या बोलण्यात माझा एकही शब्द घालणार नाही.

तुझी,
मास्तरणी